फरसबीचे ब्लँचिंग: वेळ वाढवण्याआधी काय तपासावे

प्रश्न: «आम्ही फरसबीचे तुकडे ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ मिनिटे ब्लँच करून गोठवतो. एकाच दिवशीच्या खेपांमध्ये पेरॉक्सिडेजची चाचणी कधी निगेटिव्ह येते, कधी पॉझिटिव्ह. चार महिन्यांनी काही पाकिटांतून वाळल्या गवतासारखा वास येतो. वेळ ३ मिनिटांवर नेली की शेंग मऊ पडते. चाचणी पूर्ण निगेटिव्ह येईपर्यंत वेळ वाढवत जायचे का? आणि हीच फरसबी डबाबंद करायची झाली तर हेच वेळ-तापमान चालेल का?»

वेळ इतक्यात वाढवू नका. गरम पाण्यात बुडवून शेंगेतली एन्झाइम मारणे हे गोठवणीआधीच्या ब्लँचिंगचे काम, पेरॉक्सिडेज हे त्यांतलेच एक, आणि चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे ते अजून उरले आहे. वेळ कमी असती तर चाचणी रोजच आणि प्रत्येक खेपेत पॉझिटिव्ह आली असती. ती कधी अशी, कधी तशी येते याचा अर्थ एवढाच की काही शेंगांना ९५ अंशांची २ मिनिटे मिळतात आणि काहींना मिळत नाहीत. अशा स्थितीत घड्याळ पुढे ढकलले तर ज्या शेंगा आधीच नीट झाल्या आहेत त्या जास्त शिजतात आणि ज्या कच्च्या राहतात त्यांतल्या काही तरीही कच्च्याच राहतात. मऊपणा आणि गवताचा वास या दोन्ही तक्रारी एकाच मालात का दिसतात, याचे उत्तर मला यात दिसते. तुमच्या टाकीत किती पाणी असते, एका खेपेला किती माल पडतो आणि पाणी तापवण्याची सोय किती जोराची आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. खरे उत्तर बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. म्हणून माझ्या हाताखालून गेलेले एक उदाहरण घेऊन सांगतो. आकडे तुमचे तुम्ही बसवून घ्या.

त्याआधी वासाबद्दल थोडे. गोठवलेल्या फरसबीत जो गवती, पुढे खवट होत जाणारा वास येतो त्यामागे मुख्यतः लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम असते. शेंगेत स्निग्धांश फारच थोडा असतो, पण हे एन्झाइम त्यातील मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून बनणारे वासाचे पदार्थ अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतात. उणे १८ अंशांना एन्झाइमचे काम मंदावते, थांबत नाही. म्हणून दोष गोठवल्यानंतर आठवड्यात दिसत नाही आणि तीनचार महिन्यांनी दिसतो. अर्धवट ब्लँचिंग तर मुळीच न केलेल्या ब्लँचिंगपेक्षा वाईट ठरू शकते. उष्णतेने पेशींची पटले फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले एन्झाइम आणि त्याचे खाद्य एकत्र येतात, आणि एन्झाइम मात्र जिवंत राहते. चार महिन्यांनी वास मारणाऱ्या तुमच्या पाकिटांमध्ये हेच झालेले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

पेरॉक्सिडेजचा या वासाशी थेट संबंध थोडाच आहे. आपण ते तपासतो याची कारणे दोन आहेत: ते भाजीतील उष्णतेला सर्वाधिक दाद न देणाऱ्या एन्झाइमांपैकी एक आहे आणि त्याची चाचणी स्वस्त, सोपी आहे. ते निष्क्रिय झाले असेल तर लायपॉक्सिजनेजही गेले असे खात्रीने धरता येते. उलट बाजूने मात्र हे लागू होत नाही. थोडे पेरॉक्सिडेज उरले म्हणजे लायपॉक्सिजनेजही उरले, असे म्हणता येत नाही, कारण ते बरेच आधी मरते. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आता उदाहरण. काही वर्षांपूर्वी एका लहान गोठवणी केंद्रात मला याच तक्रारीसाठी बोलावले होते. ६० लिटर पाण्याची टाकी, २४ किलोवॉटचे हीटर, पाणी ९६ अंशांवर ठेवलेले. शीतगृहातून आलेली साधारण १० अंशांची फरसबी जाळीच्या टोपलीत १२ किलो भरून ते २ मिनिटे बुडवत. तापमापकाचा दांडा टाकीच्या भिंतीजवळ, हीटरच्या वर बसवलेला होता आणि तो बहुतेक वेळ ९३ ते ९५ अंश दाखवत असे. नोंदवही निर्दोष होती. चाचणी मात्र तुमच्यासारखीच लहरी.

मी पहिल्यांदा कागदावर हिशोब केला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे ६० लिटरला २५२. फरसबी बहुतांशी पाणीच असते, तिला किलोमागे ३.९ धरले तर १२ किलोला सुमारे ४७. ९६ अंशांचे पाणी आणि १० अंशांची शेंग यांची उष्णता एकत्र केली की दोन्हींचे मिळून येणारे तापमान साधारण ८२ ते ८३ अंश भरते. प्रत्यक्षात पाणी इतके खाली जात नाही, कारण शेंग उष्णता हळूहळू ओढते आणि मधल्या वेळात हीटर चालू असतात. पण एवढी खोट भरून काढून सगळे पुन्हा ९५ अंशांवर आणायला २४ किलोवॉटच्या हीटरला अडीच मिनिटांहून अधिक वेळ हवा. टोपली तर २ मिनिटांत बाहेर येत होती. म्हणजे नोंदवहीत लिहिलेले ९५ अंश त्या शेंगांनी कधी पाहिलेच नव्हते.

मग पातळ तारेचा थर्मोकपल एका जाड शेंगेत लांबीच्या दिशेने खुपसला आणि ती शेंग टोपलीच्या मधोमध ठेवून पाहिले. २ मिनिटे संपली तेव्हा भिंतीजवळचा तापमापक ९४ दाखवत होता आणि टोपलीच्या पोटातली शेंग ७१ अंशांवर होती. कागदी हिशोबापेक्षाही हे कमी होते, कारण टोपली गच्च भरलेली असल्यामुळे मधून पाणी फिरतच नव्हते. टोपलीच्या कडेची शेंग त्याच वेळी ९० पार गेलेली होती. कडेच्या शेंगांचा नमुना घेतला की चाचणी निगेटिव्ह आणि मधल्या शेंगा हाती लागल्या की पॉझिटिव्ह, एवढे साधे ते कोडे होते.

उपाय घड्याळात नव्हता. एका खेपेचा माल १२ किलोवरून ४ किलोवर आणला. आता वरचाच हिशोब केला तर मिश्रणाचे तापमान ९१ अंश येते आणि हीटर ते सुमारे एका मिनिटात ९६ पर्यंत परत नेतात. घरगुती प्रमाणावर काम करणाऱ्यांना जो नियम सांगितला जातो, की भाजी टाकल्यावर पाणी एका मिनिटात पुन्हा उकळले पाहिजे, त्यामागचे तत्त्व हेच आहे; त्यासाठी अर्धा किलो भाजीला ४ लिटरच्या वर पाणी घ्यायला सांगतात. एका मिनिटाहून जास्त वेळ लागत असेल तर माल जास्त आहे किंवा आच कमी आहे, तिसरे कारण शोधायची गरज पडत नाही. टोपली निम्म्याहून अधिक भरायची नाही आणि बुडवल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ती दोनतीनदा वरखाली हलवायची, एवढेही आम्ही ठरवले. मालकांना हे आवडले नाही हे खरे, कारण त्याच वेळात निघणारा माल कमी झाला. त्यांना दोनच रस्ते मी सांगू शकलो: हीटरची ताकद वाढवा किंवा खेपा लहान ठेवून दोन टाक्या चालवा. तीच टाकी, तेच हीटर आणि तिप्पट माल यांतून ठरावीक ब्लँचिंग निघत नाही.

मोजायला कुठून सुरुवात करायची यावरही एकमत हवे. मी शेंग पाण्यात पडल्यापासून मोजत नाही. टोपलीच्या मध्यभागी ठेवलेल्या दांड्याने ठरलेले तापमान परत गाठल्यावर मोजतो. तुम्ही पहिल्या क्षणापासून मोजत असाल तरी चालेल, पण मग खेपेचे वजन, शेंगेचे सुरुवातीचे तापमान आणि पाण्याचे प्रमाण रोज सारखे ठेवावे लागेल. सकाळी शीतगृहातली शेंग आणि दुपारी आवारात ऊन खाल्लेली शेंग एकाच घड्याळावर चालवली तर फरक पडणारच.

दुसरा मुद्दा जाडीचा. शेंगेच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटर जाडीच्या शेंगेच्या मध्याला, तिच्या आणि पाण्याच्या तापमानातला नऊ दशांश फरक कापायला साधारण ५५ सेकंद लागतात. १२ मिलिमीटरच्या शेंगेला २ मिनिटांहून थोडे जास्त. फरसबी आतून थोडी पोकळ असते, दाणे असतात, म्हणून हे आकडे ढोबळ समजा, पण प्रमाण खरे आहे. एकाच टोपलीत कोवळ्या बारीक शेंगा आणि दाणे भरलेल्या जून शेंगा असतील तर बारीक शेंग मऊ होईल तेव्हा जाड शेंगेचा गाभा नुकता तापत असेल. जाडीप्रमाणे दोन वर्गांत निवड केल्याशिवाय हा पेच वेळ बदलून सुटत नाही.

आता चाचणीकडे येतो, कारण तीही बऱ्याचदा चुकीची केली जाते. मी वापरतो ती जुनी, रुळलेली पद्धत आहे. थंड केलेल्या फरसबीचे १०० ग्रॅम तुकडे ३०० मिलिलिटर पाण्याबरोबर मिक्सरमध्ये एक मिनिट वाटायचे आणि गाळायचे. परीक्षानळीत गाळून खाली आलेला २ मिलिलिटर रस घेऊन त्यात २० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, मग ५० टक्के अल्कोहोलमध्ये केलेले ग्वायकॉलचे ०.५ टक्के द्रावण १ मिलिलिटर आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचे ०.०८ टक्के द्रावण १ मिलिलिटर घालून हलवायचे. औषधांच्या दुकानातील ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडपासून करायचे तर २.७ मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० मिलिलिटर करावे. साडेतीन मिनिटांत तांबूस तपकिरी रंग आला नाही तर निगेटिव्ह धरतात. साडेतीन मिनिटांनंतर येणारा रंग मोजायचा नसतो. तो पुष्कळ वेळा येतो आणि उगाच घाबरवतो.

या नळीच्या शेजारी आणखी दोन नळ्या ठेवल्याशिवाय मी निकाल लिहीत नाही. एकीत तोच गाळलेला रस आणि रसायनांऐवजी नुसते पाणी; भाजीचा स्वतःचा रंग किती हे ती सांगते. दुसरीत कच्च्या फरसबीचा गाळलेला रस आणि सर्व रसायने. ती काही सेकंदांत तपकिरी झालीच पाहिजे. ही दुसरी नळी लोक टाळतात आणि फसतात. पातळ केलेले पेरॉक्साइड ठेवून ठेवून मरते, मग कच्च्या भाजीलाही चाचणी निगेटिव्ह येते आणि सगळे खूष होतात. ते रोज ताजे करावे. आणि निगेटिव्ह हवे म्हणून जास्त तीव्र पेरॉक्साइड तर घालूच नये, कारण जास्त प्रमाणात ते पेरॉक्सिडेजलाच दाबते. गाळलेला रस बर्फासारखा थंड असला तरी रंग उशिरा येतो. खोलीच्या तापमानाला आल्यावरच चाचणी करा. जीवनसत्त्व क भरपूर असलेल्या भाज्यांतही सुरुवातीला रंग अडतो, कारण बनलेला रंग ते जीवनसत्त्व परत फिरवत राहते. फरसबीत हा त्रास फारसा जाणवत नाही. चाचणीचा नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

पण वाटून केलेल्या चाचणीची एक मर्यादा तुमच्या प्रकरणात नेमकी आडवी येते. शंभर ग्रॅम शेंगांतली पाच ग्रॅम पूर्ण कच्ची असेल आणि बाकी सगळी उत्तम असेल, तरी गाळलेला रस रंग देतो. सगळ्या शेंगा थोड्याथोड्या कमी पडल्या असतील तरीही तो रंग देतो. नळीला या दोन्हींतला फरक कळत नाही, आणि उपाय तर दोन्हींचे वेगळे आहेत. पहिल्यात खेप लहान करायची, दुसऱ्यात वेळ वाढवायची. म्हणून नळीआधी मी थेंबांची चाचणी करतो. टोपलीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागांतून मिळून वीस शेंगा घ्यायच्या, लांबीत उभ्या चिरायच्या, पांढऱ्या फरशीवर चिरलेली बाजू वर करून मांडायच्या आणि प्रत्येकीवर दोन्ही द्रावणांचे थेंब टाकायचे. साडेतीन मिनिटे नुसते पाहत बसायचे.

त्या केंद्रात पहिल्यांदा हे केले तेव्हा वीसपैकी तेरा शेंगा तशाच हिरव्या राहिल्या. चार शेंगांच्या शिरेला बारीक तपकिरी रेघ उमटली. आणि तीन शेंगा, तिन्ही टोपलीच्या मधल्या, दाण्यांपासून सुरुवात करून मिनिटभरात पूर्ण काळपट तपकिरी झाल्या. त्या तीन शेंगांनीच सगळ्या खेपेची चाचणी पॉझिटिव्ह केली होती. तुमच्याकडे असा नमुना दिसला, म्हणजे बहुतेक स्वच्छ आणि मोजक्या पूर्ण रंगलेल्या, तर दोष भरण्याचा आणि पाणी न फिरण्याचा आहे. सगळ्याच शेंगांना मध्यभागी फिकट रंग दिसला तर वेळ किंवा तापमान खरोखर कमी आहे. आणि फक्त जाड शेंगा रंगल्या तर निवड करा.

हे सगळे जागेवर आल्यावरच वेळेचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. त्यासाठी एकाच जाडीच्या शेंगांची लहान, एक किलोची टोपली घ्या. टाकी मोठी असल्यामुळे तापमान हलत नाही. ६०, ९०, १२०, १५० आणि १८० सेकंदांना नमुने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. नळीच्या चाचणीत हो किंवा नाही एवढेच न लिहिता पहिला रंग किती सेकंदांनी दिसला ते लिहा. आमच्या त्या फरसबीत कच्ची शेंग पाचसहा सेकंदांत रंगली. ६० सेकंदांचा नमुना २५ सेकंदांत, ९० चा साधारण सव्वा मिनिटात, १२० चा पावणेतीन मिनिटांत, तोही फिकट. १५० च्या नमुन्याला साडेतीन मिनिटांत रंग नव्हता. १८० चाही निकाल तोच होता, फक्त शेंग हाताला लिबलिबीत लागत होती. आम्ही मध्यम जाडीसाठी १५० सेकंद निवडले. तुमची शेंग, वाण आणि जाडी वेगळी असेल, म्हणून हा आकडा उचलू नका. वेळांची ही शिडी तुमची तुम्ही काढा.

या शिडीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. सुरुवातीला प्रत्येक अर्ध्या मिनिटाला उरलेल्या एन्झाइममध्ये मोठा फरक पडतो आणि शेवटी फारसा पडत नाही. पेरॉक्सिडेजचे एकाच भाजीत अनेक प्रकार असतात. काही लवकर मरतात, काही चिवट असतात. तो चिवट अंश संपवण्यासाठी दिलेला प्रत्येक जादा सेकंद शेंगेच्या कडकपणातून, हिरव्या रंगातून आणि पाण्यात विरघळून जाणाऱ्या जीवनसत्त्वांतून वसूल होतो. लायपॉक्सिजनेज तोवर कधीच संपलेले असते. म्हणून अगदी शून्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. तीन मिनिटांच्या आसपास फिकट रंग येणारी, पण सर्व शेंगांत सारखी असलेली खेप मी बिनधास्त गोठवायला देतो. वीसपैकी तीन काळ्या शेंगा असलेली खेप देत नाही, मग तिचा नळीतला रंग त्याहून फिकट का असेना. ग्राहकाने करारात पूर्ण निगेटिव्हची अट घातली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शेंगेचा मऊपणा त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावा.

निकाल ब्लँचिंगनंतर लगेच एकदा आणि आठवड्याने पाकीट वितळवून पुन्हा एकदा पाहा. पेरॉक्सिडेज खूप जास्त तापमानाला अगदी थोडा वेळ तापवले तर काही तासांत किंवा दिवसांत थोडे परत उठते. वाफेवर घाईने ब्लँच करणाऱ्यांना हा अनुभव येतो आणि मग प्रयोगशाळेचा आणि ग्राहकाचा निकाल जुळत नाही. पाण्याच्या ब्लँचिंगमध्ये हे कमी दिसते, पण आठवड्याची तपासणी फुकट जात नाही.

शेंग ३ मिनिटांत मऊ पडते असे तुम्ही म्हणता, त्यातही ब्लँचिंगचा वाटा किती आणि थंड करण्याचा किती हे तपासा. वरचाच हिशोब उलटा करून पाहा: ९५ अंशांची १२ किलो शेंग १५ अंशांच्या ६० लिटर पाण्यात टाकली तर दोन्ही मिळून २७ ते २८ अंशांवर येऊन थांबतात. दुसरी टोपली त्याच पाण्यात टाकली की शेंग ३५ अंशांच्या पुढेच राहते. पाणी गरम होत जाते तसा मधल्या टप्प्यात शेंग रेंगाळते, शिजत राहते, हिरवा रंग पिवळट शेवाळी होत जातो, आणि जंतूंनाही ते तापमान मानवते. वाहते थंड पाणी किंवा बर्फ हवे, आणि ब्लँचिंगला जेवढा वेळ दिला निदान तेवढाच थंड करायला दिला पाहिजे. गाभा १० अंशांच्या खाली आल्यावर पाणी निथळवून मगच गोठवायला न्यायचे. त्या केंद्रात मऊपणाची निम्मी तक्रार तर थंड पाण्याच्या टाकीला बर्फ पुरवल्यावरच थांबली.

आता डबाबंदीचा भाग. नावापलीकडे दोन ब्लँचिंगांत फारसे साम्य नाही. डबा रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवणाऱ्या बंद भांड्यात, ११५ ते १२१ अंशांवर जातो, तिथे कोणतेच एन्झाइम शिल्लक राहण्याइतके टिकत नाही, त्यामुळे डब्यासाठी पेरॉक्सिडेजची चाचणी करण्यात मला अर्थ दिसत नाही. इथे ब्लँचिंग करायचे ते शेंगेतली हवा बाहेर काढण्यासाठी आणि ती लवचिक करण्यासाठी. हवा आत राहिली तर रिटॉर्टमध्ये ती फुगून डब्याच्या शिवणीवर ताण देते, निर्वात कमी मिळतो, आतून डबा गंजतो आणि शेंग आक्रसल्यामुळे उघडल्यावर डबा अर्धा रिकामा दिसतो. कडक शेंग भरताना मोडते आणि ठरलेले वजन डब्यात मावत नाही. म्हणून इथे पाहायचे ते वेगळे: शेंग वाकवल्यावर कडकन न मोडता वाकते का, मिठाच्या पाण्यात तरंगत नाही ना, आणि पाणी निथळवून भरलेले वजन प्रत्येक डब्यात सारखे आहे का.

तापमानही कमी चालते. फरसबीला ८० अंशांच्या आसपास काही मिनिटे दिली तरी हवा निघते. उलट ९५ अंशांवर नेऊन मग रिटॉर्टचा मारा दिला तर शेंग दोनदा शिजते आणि तिची साल सोलून पाण्यात तरंगते. ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात पेक्टिन मिथाइल एस्टरेज हे एन्झाइम जोरात काम करते; त्याने बदललेले पेक्टिन शेंगेतील कॅल्शियमला धरून ठेवते आणि रिटॉर्टनंतरही शेंग कडक राहते. गोठवणीत ज्या एन्झाइमांना मारायला आपण धावतो त्यांच्याच एका भावाला इथे मुद्दाम कामाला लावतो. मात्र याच टप्प्याच्या आसपासच्या, ५० ते ७० अंशांच्या ब्लँचरमध्ये उष्णताप्रिय जंतू सुखाने वाढतात आणि त्यांचे बीजाणू रिटॉर्टमधूनही वाचू शकतात. असा डबा फुगत नाही, पण आतला माल आंबट होतो. ब्लँचर दिवसभर त्या तापमानाला भरलेला ठेवू नका, मध्ये रिकामा करून धुवा आणि ब्लँच केलेली शेंग बादलीत ताटकळत न ठेवता गरम असतानाच भरून बंद करा.

ब्लँचिंग कितीही चांगले झाले तरी बॉट्युलिझम घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. ते काम रिटॉर्टचे, आणि फरसबी कमी आम्लाची असल्यामुळे तिला उकळत्या पाण्याची डबाबंदी चालत नाही, दाबाखालचीच हवी. रिटॉर्टची ठरलेली वेळ ठरलेल्या भरण वजनासाठी काढलेली असते. ब्लँचिंग बदलून शेंग जास्त मऊ झाली आणि डब्यात जास्त दाबून भरली गेली, तर मधल्या भागापर्यंत उष्णता उशिरा पोहोचते आणि तीच वेळ अपुरी पडू शकते. त्यामुळे डब्यासाठी ब्लँचिंगमध्ये बदल कराल तेव्हा पेरॉक्सिडेजची नळी बाजूला ठेवून आधी वजनकाटा हातात घ्या, आणि भरण वजन बदलले असेल तर रिटॉर्टची वेळ ज्यांनी ठरवून दिली त्यांना विचारल्याशिवाय ती खेप बाहेर पाठवू नका.